रत्नागिरीजवळ काटा का थरथरतो: एका रेल्वे सिम्युलेटरचं प्रकरण

## पार्श्वभूमी

पुण्यात आमची सहा जणांची टीम आहे. संगणकावर रेल्वे चालवण्याचा सिम्युलेटर बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेवेडे लोक, त्यामुळे सिग्नल चुकीच्या बाजूला लागला तर रात्री दोन वाजता ईमेल येतो. यावेळचा मार्ग होता रोहा ते रत्नागिरी, रुळांवरून सुमारे २०० किलोमीटर. गेम इंजिन युनिटी. खेळणारा लोको पायलटच्या खुर्चीत बसतो. समोर काच, काचेवर वायपर, डोळ्यांपासून हातभर अंतरावर स्पीडोमीटर.

मार्गाची मोजमापं आम्हाला यूटीएम निर्देशांकांत मिळाली होती, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत, पट्टा ४३ उत्तर. त्यात उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात, म्हणून रोह्याजवळ तो वीस लाख मीटरच्या वर जातो. एवढे मोठे आकडे कशाला वागवायचे म्हणून आम्ही सगळ्यांतून रोह्याचे निर्देशांक वजा केले आणि रोहा स्टेशन जगाच्या शून्यावर ठेवलं. हा निर्णय पाच मिनिटांत झाला. त्यावर चर्चा झाल्याचं कुणालाच आठवत नाही.

एक इशारा तेव्हाच मिळाला होता. आयात केलेले रूळ पहिल्यांदा पडद्यावर आले ते दातेरी दिसले, करवतीसारखे. आमच्या थ्रीडी कलाकाराने वक्ररेषा गुळगुळीत करणारं टूल फिरवलं आणि ते दात गेले. दात आले कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याचं उत्तर पुढे येईलच.

## अडचण

खेळ तपासायला आमच्याकडे एक निवृत्त लोको पायलट येतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी रोह्याहून गाडी काढली, खेडपर्यंत काही बोलले नाहीत. चिपळूण गेल्यावर म्हणाले, "अरे, हा काटा थरथरतोय का माझे डोळे?" संगमेश्वरच्या अलीकडे त्यांनी मान वळवून बाजूच्या खिडकीकडे पाहिलं आणि हेडसेट काढून ठेवला. खिडकीची चौकट, तिच्यावरचा स्क्रू, दाराची कडी, सगळं आडवं थडथडत होतं. ताप भरलेल्या माणसाच्या दातांसारखं.

रत्नागिरीला गाडी थांबवून परत सोडताना दुसरी तक्रार आली. "ब्रेक सुटला, काटा दीडवर आला, पण फलाट जागचा हलत नाही. मग एकदम दचका देऊन गाडी सुटते. मालगाडीसुद्धा अशी सुटत नाही."

दोन्ही तक्रारी आम्ही एकाच कागदावर लिहिल्या आणि एकच रोग समजून बसलो. ही पहिली चूक.

## निदान

पहिला संशय कॅमेऱ्यावर गेला. केबिनला हलकी कंपनं देणारी एक स्क्रिप्ट होती, ती बंद केली. थरथर तशीच. मग अ‍ॅनिमेशनवर, मग फ्रेम रेटवर. अशात दोन दिवस गेले.

खरा धागा सापडला तो आमच्यातल्या एकीने मार्गभर गाडी चालवत पडद्याची चित्रफीत घेतली तेव्हा. थरथर अंतराबरोबर हळूहळू वाढत नव्हती, पायऱ्यांनी वाढत होती. खेडच्या अलीकडे एका जागी ती अचानक दुप्पट झाली, संगमेश्वरच्या अलीकडे परत दुप्पट. आणि त्या पायऱ्या रोह्यापासून सरळ रेषेत साधारण साडेपासष्ट आणि एकशे एकतीस किलोमीटरवर पडत होत्या. मीटरमध्ये सांगायचं तर ६५,५३६ आणि १,३१,०७२. दोन्ही दोनाचे घात. हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर खोलीत कुणी पुढे काही बोललं नाही.

युनिटीमध्ये वस्तूची जागा ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये साठवली जाते. फ्लोटकडे संख्या लिहायला २४ दुअंकी घरं असतात, दशमान पद्धतीत साधारण सात अंक. ही घरं संख्येबरोबर सरकतात. शून्याजवळ ती जवळजवळ सगळी अपूर्णांकाला मिळतात, मोठ्या संख्येत पूर्णांकच बहुतेक घरं खाऊन टाकतो. १,३१,०७२ ते २,६२,१४४ या टप्प्यात दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर मीटरचा चौसष्टावा भाग असतं, म्हणजे १५.६ मिलिमीटर. मधली जागा अस्तित्वातच नसते. रत्नागिरी रोह्यापासून सरळ रेषेत साधारण १६० किलोमीटर. तिथे काट्याच्या टोकाचा प्रत्येक बिंदू १५ मिलिमीटरच्या जाळीवर कुठेतरी बसवला जातो, आणि गाडी जरा पुढे गेली की दुसऱ्या खुणेवर उडी मारतो. काट्याचे सगळे बिंदू एकाच वेळी उडी मारत नाहीत, म्हणून काटा नुसता हलत नाही, वेडावाकडा होतो.

बाजूला पाहिल्यावर थरथर जास्त का, याचंही उत्तर मिळालं. ही जाळी प्रत्येक अक्षावर वेगळी असते. कोकणातला रूळ उत्तर-दक्षिण धावतो, त्यामुळे दक्षिणेकडचा आकडा दीड लाखाच्या वर गेला तरी रत्नागिरी रोह्याच्या पूर्वेला जेमतेम २२ किलोमीटर आहे. त्या अक्षावरची जाळी दोन मिलिमीटरचीच. समोर पाहताना दक्षिणेकडची चूक खोलीच्या दिशेला जाते आणि डोळ्याला फारशी कळत नाही. मान खिडकीकडे वळवली की तीच चूक पडद्यावर आडवी येते. उंची तर समुद्रसपाटीपासून थोडीच, म्हणून खाली-वर थरथर जवळजवळ नव्हतीच. वळणावर गाडी पूर्वेकडे वळली की समोरचा काटा जास्त नाचायचा. ते पाहून काकांनी रूळ खराब आहेत असं अनुमान काढलं होतं. त्यांच्या अनुभवाने ते बरोबरच होतं.

आणि ते दातेरी रूळ? वीस लाखांच्या घरात फ्लोटची जाळी साडेबारा सेंटिमीटरची असते. आमच्या आयात करणाऱ्या स्क्रिप्टने मूळ आकडे आधी फ्लोटमध्ये घेतले आणि नंतर रोहा वजा केला. तोवर सेंटिमीटर गेलेच होते. गुळगुळीत करून आम्ही जखम बुजवली, पण रूळ खऱ्या जागेवर परत आले नाहीत. ते पुन्हा आयात करावे लागले.

## दुसरा रोग

दचका वेगळाच निघाला. गाडी आम्ही रुळावरच्या अंतराने चालवतो. रोह्यापासून किती मीटर आलो ती एक संख्या, आणि प्रत्येक फ्रेमला तिच्यात वेग गुणिले वेळ मिळवायचं. ती संख्याही फ्लोटच होती.

```csharp
float s = 200000f;     // रोह्यापासून मीटर
s += 0.4f / 60f;       // ०.४ मी/से, ६० फ्रेम
// s अजूनही 200000
```

सेकंदाला ०.४ मीटर वेगाने एका फ्रेममध्ये गाडी ६.७ मिलिमीटर जायला हवी. पण पुढची उपलब्ध संख्या १५.६ मिलिमीटर दूर. निम्म्यापेक्षा कमी पाऊल असल्यामुळे बेरीज गोल होऊन जागेवरच येते, दर फ्रेमला, कितीही वेळ. वेग सेकंदाला ०.४७ मीटरच्या, म्हणजे ताशी १.७ किलोमीटरच्या वर गेला की पाऊल एकदम पूर्ण खुणेएवढं पडतं आणि गाडी ताशी ३.४ किलोमीटरने निघते. काकांना जाणवलेला दचका हाच. वेग वेगळ्या संख्येत होता आणि ती लहान होती, म्हणून काटा व्यवस्थित वर सरकत होता आणि फलाट मात्र हलत नव्हता.

याची एक गंमत अशी की ज्याचा मॉनिटर महाग त्याला त्रास जास्त. सेकंदाला १४४ फ्रेम असतील तर पाऊल आणखी लहान होतं आणि ताशी चार किलोमीटरपर्यंत गाडी हलतच नाही. जुन्या लॅपटॉपवर ३० फ्रेमने खेळणाऱ्याला ही तक्रार जवळजवळ दिसत नव्हती. "माझ्याकडे तर नीट चालतंय" हे वाक्य आमच्याकडे त्या आठवड्यात चार वेळा उच्चारलं गेलं, आणि चारही वेळा खरं होतं.

## कोणते मार्ग होते

सगळ्यात आधी कुणीतरी सुचवलं की जगच लहान करू. एक एकक म्हणजे एक मीटर याऐवजी शंभर मीटर ठेवलं की रत्नागिरी १,६०० वर येईल. हे ऐकायला पटतं, पण उपयोग शून्य. फ्लोटची अचूकता संख्येच्या प्रमाणात असते. जग शंभरपट लहान केलं तर काटाही शंभरपट लहान होतो, आणि दोघांचं गुणोत्तर तेच राहतं. थरथर जशीच्या तशी राहील आणि वर फिजिक्सचे सगळे आकडे बिघडतील.

शून्य रोह्याऐवजी मार्गाच्या मध्यावर ठेवायचा, हाही प्रस्ताव आला. त्याने खरोखर फरक पडतो, पण एका बिटाचा. १५.६ मिलिमीटरचे ७.८ होतात आणि मग रोहा आणि रत्नागिरी दोन्ही थरथरतात.

गेम इंजिन बदलणं हा गंभीर पर्याय होता. अनरियल ५ मध्ये जागेचे आकडे ६४ बिटांच्या डबलमध्ये आहेत, गोडो ४ सुद्धा डबलसाठी वेगळं बांधून घेता येतं. नव्याने सुरू करत असतो तर मी यावर दोन दिवस विचार केला असता. पण दीड वर्षाचं काम युनिटीत होतं.

खरी निवड दोन मार्गांत होती. एक म्हणजे कॅमेरा-सापेक्ष रेखाटन: चित्र काढताना आधी कॅमेऱ्याची जागा वजा करायची आणि मग बाकीचं गणित. युनिटीच्या एचडीआरपी या रेखाटन-व्यवस्थेत ही सोय तयार मिळते. त्याने काटा वेडावाकडा होणं थांबलं असतं, कारण काट्याचे बिंदू मोठ्या आकड्यांतून जात नाहीत. पण संपूर्ण गाडीची जागा `Transform` मध्ये फ्लोटच राहते. म्हणजे गाडी आतून स्थिर, पण रुळांवर १५ मिलिमीटरच्या उड्या मारत पुढे जाणार. फिजिक्सलाही त्याचा उपयोग नाही, आणि आमचे लटकते दिवे आणि कपलिंगच्या साखळ्या फिजिक्सवर होत्या.

दुसरा मार्ग जगाचा शून्य सरकवण्याचा. गाडी शून्यापासून ठरावीक अंतर गेली की सगळं जग तेवढंच मागे ओढायचं, म्हणजे गाडी पुन्हा शून्याजवळ येते. अंतराळात यानं चालवण्याच्या कर्बल स्पेस प्रोग्राम या खेळात यानं शून्यापासून दूर गेली की थरथरून तुटायची. खेळणाऱ्यांनी त्या दोषाला क्राकेन असं राक्षसाचं नाव दिलं होतं, आणि तिथेही उपाय याच जातीचा झाला. आम्ही हा मार्ग घेतला.

त्यातही एक पोटनिर्णय होता: दर फ्रेमला सरकवायचं, म्हणजे गाडी कायम शून्यावर, की मर्यादा ओलांडल्यावर? दर फ्रेमला सगळं हलवणं महाग पडेल म्हणून आम्ही १,०२४ मीटरची मर्यादा ठेवली. तेवढ्या अंतरावर जाळी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी असते. दूरचे डोंगर पाच-सात किलोमीटरवर असले तरी तिथली अर्ध्या मिलिमीटरची चूक कोण पाहणार?

१,०२४ हा आकडा दोनाचा घात म्हणून निवडला होता, थोडा हौसेखातर. तो पुढे वेगळ्याच कारणाने कामाला आला.

## काय केलं

पहिला प्रयत्न फसला. तो सोपा दिसतो आणि अनेक जण करतात, म्हणून सविस्तर सांगतो. आम्ही गाडीसकट सगळं जग एका पालक ऑब्जेक्टखाली घातलं आणि तो पालक मागे सरकवला. पडद्यावर गाडी शून्याजवळ आली. थरथर मात्र तशीच राहिली. कारण गाडीची पालकाच्या हिशोबाने जागा अजून १,६०,००० होती आणि पालक उणे १,६०,००० वर. अचूकता आतल्या संख्येतच गमावलेली होती, बाहेरून वजा केल्याने ती परत येत नाही. स्टेशन, खांब अशा उभ्या वस्तूंना याने काही होत नाही, कारण त्यांची चूक कायम तेवढीच असते. हलणाऱ्या वस्तूला होतं.

मग नीट केलं. मार्गाचे एकेक किलोमीटरचे तुकडे होतेच. प्रत्येक तुकड्याची खरी जागा डबलमध्ये ठेवली, जगाचा सध्याचा शून्य कुठे आहे तेही डबलमध्ये. तुकडा कुठे मांडायचा हे दोघांच्या वजाबाकीतून निघतं:

```csharp
Vector3 ToLocal(WorldPos p)
{
    return new Vector3(
        (float)(p.x - origin.x),
        (float)(p.y - origin.y),
        (float)(p.z - origin.z));
}
```

इथे कंसाची जागा हाच सगळा जीव आहे. वजाबाकी डबलमध्ये, आणि उत्तर लहान झाल्यावर फ्लोट. एका फाइलमध्ये घाईत `(float)p.z - (float)origin.z` असं लिहिलं गेलं आणि फक्त सिग्नलचे खांब काही मिलिमीटर चुकीच्या जागी बसले. कंपायलर काही बोलत नाही. अर्धा दिवस गेला.

शून्य सरकला की आम्ही तुकड्यांच्या जागांतून १,०२४ वजा करत बसत नाही, वरच्या फंक्शनने नव्याने काढतो. सारखं ढकलत राहिलं तर दर वेळी थोडं गोल होतं आणि ते साठत जातं. रुळावरचं अंतरही डबल केलं. २०० किलोमीटरवर डबलची जाळी नॅनोमीटरपेक्षाही बारीक असते, त्यामुळे दचका त्याच दिवशी गेला. शून्य सरकवण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. जग कितीही सरकवलं असतं तरी रोह्यापासूनचं अंतर दोन लाखच राहिलं असतं.

## चाचणी आणि जे निसटलं

चाचणीसाठी आम्ही करबुडे बोगदा निवडला, उक्षी आणि भोके यांच्यामधला साडेसहा किलोमीटरचा. जग तिथे सहा वेळा सरकलं. काटा खिळल्यासारखा स्थिर होता आणि सरकल्याचा मागमूस नाही. आम्ही चहा मागवला.

बोगद्यात मागमूस दिसणारच नव्हता. भिंती एकसारख्या, दिवे सारख्या अंतरावर, बाहेरचं काही नाही. दुसऱ्या दिवशी जुलै महिना लावून उघड्यावर गाडी चालवली आणि दर किलोमीटरला पाऊस गायब व्हायला लागला. पापणी लवेपर्यंत कोरडं आकाश आणि मग पुन्हा धारा. पावसाचे थेंब पार्टिकल सिस्टीममध्ये होते आणि जगाच्या निर्देशांकांत मोजले जात होते, वेगाप्रमाणे धारा तिरप्या दिसाव्यात म्हणून. गाडी मागे ओढली गेली, थेंब होते तिथेच राहिले, एक किलोमीटर पुढे. शेवटी सरकवण्याच्या क्षणी सगळे थेंब `GetParticles` ने काढून, तेवढंच अंतर वजा करून `SetParticles` ने परत ठेवतो.

विजेच्या तारांचे काही खांबही मागे राहिले. ते स्टॅटिक म्हणून खूण केलेले होते आणि युनिटीने वेगासाठी त्यांचे मेश एकत्र जोडून टाकले होते. असे खांब नंतर हलवता येत नाहीत. ती खूण काढली आणि तुकडा आल्यावर `StaticBatchingUtility.Combine` ने तुकड्याच्या मुळाखाली जोडले. मूळ हललं की खांब हलतात.

मला सगळ्यात आवडलेली चूक जांभ्याच्या कटिंगची. दोन्ही बाजूंच्या लाल भिंतींवर टेक्स्चर जगाच्या निर्देशांकांवरून चढवलं होतं. डोंगरावरच्या गवताचं टेक्स्चर दर चार मीटरला पुनरावृत्त होतं, ते सरकल्यावर तसूभर हललं नाही, कारण १,०२४ ला चाराने पूर्ण भाग जातो. जांभ्याचं दर तीन मीटरला होतं. १,०२४ भागिले तीन, बाकी एक. त्यामुळे दर वेळी भिंतीवरची नक्षी बरोबर एक मीटर सरकायची. जांभ्याचं टेक्स्चर चार मीटरचं केलं, झालं.

आणि परीक्षा मोड सुरू केला तेव्हा गाडीने आपोआप आपत्कालीन ब्रेक मारला. वेगमर्यादा तपासणारी जुनी स्क्रिप्ट वेग स्वतः काढत होती, आताच्या जागेतून मागच्या फ्रेमची जागा वजा करून. एका फ्रेममध्ये १,०२४ मीटर म्हणजे ताशी २ लाख २१ हजार किलोमीटर. काकांच्या निकालपत्रावर हा वेग छापून आला आणि त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला. बोगद्याच्या चाचणीत परीक्षा मोड बंद होता, म्हणून हे सुटलं.

अशा जुन्या जागा लक्षात ठेवणाऱ्या स्क्रिप्ट शोधायला आम्ही सगळा कोड चाळला. अकरा सापडल्या. आता जग सरकलं की एक इव्हेंट जातो आणि प्रत्येक स्क्रिप्ट आपली आठवण तेवढीच मागे घेते.

## आज काय वेगळं केलं असतं

संगमेश्वरचं स्टेशन मांडताना युनिटीच्या इन्स्पेक्टरमध्ये पिवळी सूचना येत होती: `Due to floating-point precision limitations, it is recommended to bring the world coordinates of the GameObject within a smaller range.` आमच्यातल्या किमान तिघांनी ती वाचली होती. कलाकाराला वाटलं प्रोग्रामरचा विषय, प्रोग्रामरला वाटलं नुसती शिफारस. ती पहिल्यांदा दिसली त्या दिवशी थांबलो असतो तर काम आठवड्याचं होतं. झालं पाच आठवड्यांचं, कारण तोवर शंभराहून जास्त स्क्रिप्ट `transform.position` हीच खरी जागा धरून लिहिल्या गेल्या होत्या.

१,०२४ मीटरच्या मर्यादेबद्दल माझं मत बदललं आहे. खेळणाऱ्यासाठी ती योग्यच आहे. पण आमच्यासाठी ती घातक होती, कारण दोष दर किलोमीटरला एकदाच, एका फ्रेमपुरता दिसायचा. पाहणारा त्या क्षणी फोनकडे बघत असला की निसटला. आता ऑफिसमधल्या आवृत्तीत मर्यादा १६ मीटर ठेवतो. गाडी पूर्ण वेगात असताना जग सेकंदाला एक-दोनदा सरकतं. पाऊस चुकला की लगेच दिसतो, जांभा धावायला लागतो. १६ ला तीनने भागलं तरी बाकी एकच उरते, म्हणजे ती चूक पहिल्याच दिवशी हाताला लागली असती.

दोन तक्रारी एकाच कागदावर लिहिणंही टाळलं असतं. थरथर म्हणजे जागा दाखवताना हरवलेली अचूकता. दचका म्हणजे बेरीज करताना हरवलेली अचूकता. एक ओळ फ्लोटची डबल केली की दुसरी तक्रार संपणार होती. आम्ही ती पाच आठवडे मोठ्या दुरुस्तीच्या रांगेत उभी ठेवली.

## सध्याची स्थिती

रोहा ते रत्नागिरी पूर्ण मार्गावर काटा आता स्थिर आहे. एका सरकण्याला आमच्या कमी ताकदीच्या चाचणी-संगणकावर एका फ्रेमचा थोडा भाग लागतो, झटका जाणवत नाही. हालचालीचा धूसरपणा देणारा इफेक्ट त्या एका फ्रेमपुरता बंद करावा लागतो, नाहीतर सगळं दृश्य पुसल्यासारखं ओढलं जातं.

एक गोष्ट अजून मोकळी आहे. दोघांनी एकाच मार्गावर दोन गाड्या चालवण्याची मागणी आहे, एक रोह्याला आणि एक रत्नागिरीला. प्रत्येकाच्या संगणकावर आपापला शून्य ठेवता येतो, पण सर्व्हरवर एकाच फिजिक्सच्या जगात दोन शून्य राहू शकत नाहीत. सध्याचा बेत असा की सर्व्हरने फिजिक्स चालवायचंच नाही. दोन्ही गाड्यांचं रुळावरचं अंतर डबलमध्ये इकडून तिकडे पाठवायचं आणि साखळ्या ज्याच्या त्याच्या घरी हलू द्यायच्या. दोन गाड्या जोडायच्या झाल्या तर हा बेत कोलमडतो, कारण तेव्हा दोघांच्या साखळ्या एकच असायला हव्यात.

काका मागच्या शनिवारी आले होते. रत्नागिरीला ब्रेक सोडला, काटा अर्ध्या किलोमीटरवर असतानाच फलाटावरचा पिवळा पट्टा सरकायला लागला. "आता सुटली," म्हणाले, आणि पुढच्या वाक्यात हॉर्नचा आवाज चुकीचा असल्याचं सांगितलं.